छोट्या कुत्र्याचा भोंग्यासारखा खोकला

फाटकाची कडी वाजते आणि घरातला पॉमेरियन उड्या मारत दाराकडे धावतो. दोनदा भुंकतो न भुंकतो तोच मान पुढे ताणून तो खोकू लागतो. आवाज असा, जणू कुणी जुन्या मोटारीचा रबरी भोंगा दाबतंय किंवा बदक ओरडतंय. शेवटी ओकारीसारखं करून थोडा फेस टाकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात शेपूट हलवू लागतो. घरची मंडळी म्हणतात, ‘घशात काहीतरी अडकलं असेल.’ पण असं वारंवार घडू लागलं तर घशात हाड नव्हे, श्वासनलिकाच दबत असण्याची शक्यता अधिक असते.

भिलाईच्या सेक्टरांमधल्या क्वार्टर्समध्ये काय किंवा नेहरूनगरच्या बंगल्यांत काय, पॉमेरियन, पग, शिह त्झू अशा लहान जाती घरोघरी दिसतात. आजार नेमका यांच्यातच आढळतो. यॉर्कशायर टेरियर, चिहुआहुआ आणि टॉय पूडल याही त्याच्या नेहमीच्या जाती. बहुधा मध्यम वयात किंवा उतारवयात तो दिसू लागतो.

नळी चपटी का होते?

कुत्र्याची श्वासनलिका म्हणजे एकाखाली एक रचलेल्या कूर्चेच्या कड्यांची नळी. ही कडी पूर्ण गोल नसतात, त्यांचा आकार इंग्रजी ‘सी’सारखा असतो. उघडी बाजू पाठीकडे असते आणि ती एका पातळ पडद्याने बंद झालेली असते. लहान जातींच्या काही कुत्र्यांमध्ये या कूर्चेतील पाणी धरून ठेवणारे घटक कमी असतात. त्यामुळे कडी मऊ पडतात, पसरतात आणि वरचा पडदा सैल होऊन नळीत लोंबू लागतो. हवा जोरात आत-बाहेर झाली की तो नळीच्या खालच्या बाजूला चिकटतो, आणि तोच तो भोंगा!

गळ्यातला भाग मऊ असेल तर श्वास आत घेताना नळी दबते, छातीतला भाग मऊ असेल तर श्वास सोडताना किंवा खोकताना. पुष्कळांत दोन्ही भाग दुबळे असतात. शिवाय खोकल्याने नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते आणि सूज आली की पुन्हा खोकला येतो. उपचाराचा सगळा भर हे चक्र तोडण्यावर असतो.

पट्टा गळ्यात नको, छातीवर हवा

समजा, आठ वर्षांचा एक पॉमेरियन आहे. त्याचं वजन चार किलो हवं, ते पाच किलो झालं आहे. सकाळच्या चहाबरोबर टोस्ट, दुपारी पोळीचा तुकडा, संध्याकाळी बिस्किट, असा लाड चालतो. गळ्यात घुंगराचा पट्टा आहे आणि फिरायला निघताच तो साखळी ताणून पुढे धावतो. डॉक्टरांनी मानेवरून नळी हलकेच दाबली की लगेच खोकला येतो.

इथे पहिलं काम म्हणजे पट्टा बदलणं. गळ्यातला पट्टा नेमका त्याच जागी बसतो जिथे नळी कातडीच्या सर्वांत जवळ असते. कुत्र्याने ओढ घेतली की सारा जोर मऊ कड्यांवर येतो. हार्नेस म्हणजे छातीचा पट्टा. त्यात हाच जोर छातीच्या हाडावर आणि खांद्यांवर विभागला जातो आणि गळा मोकळा राहतो. घेताना समोरून ‘वाय’ अक्षरासारखा दिसणारा घ्यावा. आडवी पट्टी सरकून गळ्यावर येत असेल तर उपयोग नाही. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटं शिरावीत. मात्र हार्नेसने नळी पुन्हा कडक होत नाही. गळ्यातल्या पट्ट्यामुळे आजार झाला असंही नसतं. तो फक्त खोकल्याला निमित्त देत असतो.

दुसरं काम वजनाचं. छाती-पोटातली चरबी फुफ्फुसांना फुलायला जागा देत नाही, म्हणून श्वासाला जोर लावावा लागतो. पाच किलोच्या कुत्र्याचं वजन आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅमने उतरणं पुरेसं आहे. म्हणजे एक किलो उतरायला चार-पाच महिने लागतील. टोस्ट-बिस्किटं बंद करावीत, जेवण मोजून द्यावं आणि वजन दर पंधरवड्याला त्याच काट्यावर पाहावं. कित्येक कुत्र्यांचा खोकला एवढ्यानेच लक्षणीय कमी होतो.

डॉक्टर काय करतात?

आधी हा खोकला दुसऱ्या कशाचा नाही ना, हे पाहावं लागतं. याच जातींना उतारवयात हृदयाच्या झडपेचा आजारही होतो. कुत्रं गाढ झोपलेलं असताना त्याचे श्वास मिनिटभर मोजावेत. ते वारंवार तीसच्या वर जात असतील तर हृदयाची तपासणी आधी करावी.

त्यानंतर मान आणि छातीचा एक्स-रे, श्वास आत घेतलेला असताना एक आणि सोडताना एक. नळी क्षणभरच दबत असल्याने एक्स-रे स्वच्छ आला तरी आजार नाही असं ठरत नाही. शंका राहिली तर भूल देऊन दुर्बिणीने नळीत पाहतात. नळी किती दबली यावरून पहिल्या ते चौथ्या अशा पायऱ्या ठरवतात. पहिलीत मार्ग सुमारे पाव भागाने अरुंद झालेला असतो, चौथीत जवळजवळ बंद. भिलाईकरांना मोठ्या तपासणीसाठी दुर्गजवळ अंजोऱ्याचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे कोणती सोय आहे, हे आधी विचारून जावं.

औषधांत मुख्य असतं खोकला दाबणारं औषध. सूज उतरवायला थोडे दिवस स्टेरॉइड देतात, पण ते लांबलं की भूक आणि वजन दोन्ही वाढतं. श्वासमार्ग मोकळा करणारं औषध काहींना उपयोगी पडतं, प्रतिजैविक मात्र जंतुसंसर्ग असेल तरच. घरातलं माणसांचं खोकल्याचं औषध चमचाभरही देऊ नये. त्यात पॅरासिटामॉल किंवा झायलिटॉल असेल तर ते कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं.

ब्रिटनमध्ये १९९४ साली अशा १०० कुत्र्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ७१ कुत्र्यांची लक्षणं शस्त्रक्रियेविना वर्षाहून अधिक काळ आटोक्यात राहिली. औषधांनी भागत नाही, श्वासच अडतो, तेव्हाच नळीबाहेर कडी बसवणं किंवा नळीत धातूची जाळी म्हणजे स्टेंट घालणं हे मार्ग उरतात. स्टेंटने श्वास मोकळा होतो, पण खोकला राहू शकतो. जाळी तुटण्याची किंवा तिच्याभोवती मांस वाढण्याची भीतीही असते.

मे महिन्याची काळजी

कुत्र्याला घाम फारसा येत नाही, धापा टाकूनच ते अंग थंड करतं. भिलाईच्या उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर गेला की धापा वाढतात, नळी दबते, हवा कमी मिळते आणि अंग आणखी तापतं. म्हणून फिरणं सूर्योदयापूर्वी किंवा रात्री, दुपारी कूलरची खोली. डासांची कॉइल, उदबत्ती आणि सिगारेटचा धूर त्या खोलीत नको. पाहुणे येणार असतील तर त्याला आधीच आतल्या खोलीत ठेवावं.

खोकला ही रोजची कटकट असते, धोक्याची खूण वेगळी आहे. हिरड्या किंवा जीभ निळसर-जांभळी होणं, मान ताणून श्वासासाठी धडपडणं, कोसळणं, असं दिसलं तर तोंडात पाणी ओतू नये. अंग तापलेलं असेल तर ते साध्या पाण्याने ओलं करावं, वारा घालावा, गोंगाट थांबवावा आणि प्राणवायूची सोय असलेल्या दवाखान्यात ताबडतोब न्यावं. उचलताना हात छातीखाली असावा, गळ्याला धरू नये.