रामन यांच्या तक्त्यासमोरचा दुधाळ ग्लास

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात सी. व्ही. रामन यांचा तक्ता हमखास असतो. फेटा, जन्मतारीख, १९३०चं नोबेल. पुढ्यात दुधाचे चार थेंब टाकलेला पाण्याचा ग्लास आणि टॉर्च. बाजूने पाहिलं तर पाणी निळसर, समोरून पाहिलं तर पिवळट. ‘हाच रामन परिणाम,’ असं पाठ केलेलं वाक्य पुढे येतं. पण तो हा नव्हेच. टॉर्चच्या उजेडात निळा आधीपासून असतो. दुधाचे बारीक कण तो जास्त विखुरतात, एवढंच. रामन यांना सापडला तो मुळात नसलेला रंग.

मग पाचवीतल्या मुलाला सांगायचं कसं? असं:

रिकाम्या झोपाळ्यावर चेंडू मारा. चेंडू उलटा येतो. झोपाळा थोडा हलतो. त्याला हलवण्यात चेंडूचा थोडा जोर गेला. प्रकाश द्रवाच्या रेणूवर आदळतो तेव्हाही कधीकधी असंच होतं. रेणू थरथरतो. प्रकाशाचा थोडा जोर जातो. जोर घटला की त्याचा रंग बदलतो.

एखादी चुणचुणीत मुलगी विचारेलच, ‘म्हणजे प्रकाश हळू धावतो?’ नाही. चेंडूचा वेग घटतो, प्रकाशाचा रंग बदलतो. उपमा इथे संपते, आणि ते मुलांना सांगून टाकावं. शिवाय हे फार क्वचित घडतं. कोटीभर प्रकाशकणांत एखाद्याच्या बाबतीत.

इतकं दुर्मीळ काही दिसलं कसं? कोलकात्यात १९२८ साली रामन आणि के. एस. कृष्णन यांनी सूर्यप्रकाश वापरला. वाटेत एक काच ठेवली, फक्त जांभळा-निळा रंग सोडणारी. दुसरी काच नेमका तोच रंग अडवणारी. दोन्ही एकामागे एक धरल्या की अंधार. मग पहिली काच द्रवाच्या अलीकडे ठेवली, दुसरी डोळ्यापुढे. आता काहीच दिसायला नको होतं. तरी द्रवात हिरवट रेघ दिसली.

शंका रास्त होती: द्रवातली घाण तर चमकत नसेल? काही पदार्थ एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाने चमकतात. म्हणून द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध केले. रेघ गेली नाही. एक ना दोन, कितीतरी द्रवांत ती दिसली.

प्रदर्शनात हे दाखवणं कठीण. रंगीत जिलेटीन कागदातून नको तो उजेड झिरपतो, आणि त्यात ती पुसट रेघ हरवून जाते. दुधाळ ग्लास मात्र टाकू नका, त्यावरची चिठ्ठी बदला. १९२१ साली बोटीने परतताना भूमध्य समुद्राचा निळा रंग पाहून रामन यांनी शोध घेतला, तो प्रकाश विखुरण्याचाच. ‘रामन यांची सुरुवात’ असं लिहिलं, तर ग्लास खरं बोलेल.