फासा कलंडवून पाहा

सहा सारखे चौरस कडेला कड लावून जोडले, तर उलटेपालटे आणि फिरवलेले प्रकार एकच धरून 35 आकृत्या तयार होतात. त्यातल्या फक्त 11 आकृत्यांचा घन होतो. शिष्यवृत्तीच्या परीक्षेत अशी घडण समोर आली की मुलं डोळे मिटून मनातल्या मनात कागद दुमडू लागतात आणि तिसऱ्या घडीलाच गोंधळतात. त्यापेक्षा कागद टेबलावरच राहू द्यावा आणि फाशाच्या मापाची घडण काढून त्यावर फासा कलंडवत न्यावा. पृष्ठ चौरसावर टेकलं की त्याचा आकडा तिथे लिहायचा. घडण घनाभोवती गुंडाळणं आणि घन घडणीवरून नेणं, दोन्ही एकच.

जिन्यासारखी दिसणारी एक घडण घेऊ. वरच्या ओळीत तीन चौरस, आणि तिसऱ्याच्या खालून सुरू होऊन उजवीकडे जाणारे आणखी तीन. हिचा घन होईल असं पाहताक्षणी वाटत नाही. पहिल्या चौरसावर फासा असा ठेवा की खाली 1, उजवीकडे 2 आणि आपल्याकडे 3 येईल. (काही फाशांवर 3 च्या जागी 4 येतो, मग पुढे 3 आणि 4 ची अदलाबदल समजावी.) उजवीकडे कलंडवत गेलं की 1, 2, 6 उमटतात. आता आपल्याकडे कलंडवला की 3, आणि पुन्हा उजवीकडे 5 व 4. सहाही आकडे एकेकदाच आले, म्हणजे घन होणारच.

समोरासमोरची पृष्ठंही इथेच कळतात, कारण नेहमीच्या फाशावर त्यांची बेरीज 7 असते. 1 आणि 6 एकाच ओळीत एक चौरस सोडून आहेत. 2 आणि 5 मात्र इंग्रजी झेडसारख्या वळणाच्या दोन टोकांना आहेत, आणि परीक्षेत मुलं चुकतात ती बहुधा याच जोडीत. शेजार ओळखायचा तर आतल्या कोपऱ्यात पाहावं: 2 ची खालची कड आणि 3 ची डावी कड तिथे काटकोनात भेटतात, घडी घातल्यावर त्याच एकमेकींना चिकटतात.

आता चार चौरसांची सरळ पट्टी घ्या आणि उरलेले दोन्ही तिच्या वरच्या बाजूला, पहिल्यावर आणि तिसऱ्यावर, जोडा. फासा तसाच ठेवून निघालात तर पट्टीवर 1, 2, 6, 5 उमटतील. वरच्या बाजूला कुठूनही कलंडवला तरी 4 च येतो. म्हणजे झाकणं दोन, आणि 3 च्या जागी खोका उघडाच.

चार चौरस एकाच बिंदूभोवती दाटीने बसले असतील, तर फासा काढायचीही गरज नाही. घनाच्या कोपऱ्यात तीनच पृष्ठं भेटतात; चार काटकोन मिळून 360 अंश भरले की तो भाग सपाटच राहतो. तरी फासा फिरवलाच, तर चौथ्या चौरसावर पहिल्याचाच 1 पुन्हा उमटतो.