ब्लूटूथवर आवाज मागे का पडतो?

अमेरिकेतील डिजिटल दूरचित्रवाणीची मानके ठरवणाऱ्या ‘एटीएससी’ या संस्थेने २००३ मध्ये केलेल्या शिफारशीनुसार, आवाज चित्राच्या ४५ मिलिसेकंदांहून अधिक मागे पडू नये. ब्लूटूथ इयरफोनमध्ये मात्र आवाज कोडेकने, म्हणजे ध्वनी आकुंचित करणाऱ्या पद्धतीने, लहान करून पाठवला जातो आणि खंड पडू नये म्हणून इयरफोनमध्ये थोडा साठवून मगच ऐकवला जातो. त्यामुळे विलंब अनेकदा २०० मिलिसेकंदांपर्यंत पोहोचतो व ओठ आणि शब्द जुळत नाहीत. संगणकावरील ‘व्हीएलसी’मध्ये J ही कळ दर वेळी आवाज ५० मिलिसेकंदांनी अलीकडे आणते, म्हणून अशा वेळी ती चारदा दाबावी. इयरफोनमधील ‘गेम मोड’ साठवण कमी करतो, पण त्यामुळे आवाज तुटण्याची शक्यता वाढते. थेट संवादात आवाज आधी उपलब्धच नसल्याने तेथे तारेचा इयरफोनच वापरावा.