पाच अर्धवेळ कामांचा एक बायोडाटा

दुधनी हे अक्कलकोट तालुक्यातलं कर्नाटकाच्या सीमेवरचं बाजाराचं गाव. इथल्या शिकलेल्या मुलामुलींना पूर्णवेळ नोकरी क्वचितच मिळते, कारण इथलं काम हंगामाने येतं. जानेवारी ते मार्च तुरीची आवक असली की आडत दुकानांना लिहिणारी माणसं लागतात. पुढे दुकानं शांत होतात आणि तीच माणसं दुसरं काम धरतात. मग नोकरीसाठी बायोडाटा लिहायची वेळ आली की या सगळ्या कामांची नुसती यादी तयार होते.

बी.कॉम. झालेल्या एका मुलीने तिची यादी माझ्यासमोर ठेवली. कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर पुस्तपालन शिकवणं, आडत दुकानात हंगामी लेखनिक, दोन बचत गटांचे हिशेब, संध्याकाळी सेवा केंद्रात अर्ज भरणं, आणि काही महिने विमा एजन्सी. सगळ्यांच्या तारखा एकमेकींवर चढलेल्या. अर्ज करायचा होता शेतकरी उत्पादक कंपनीत लेखापालाच्या जागेसाठी. यादी वाचणाऱ्याला एवढंच दिसलं असतं की ही कुठेच टिकत नाही.

पदनामं बाजूला ठेवून आम्ही प्रत्येक कामापुढे दोन गोष्टी लिहिल्या: तिच्या हातून नेमकं काय तयार होतं, आणि ते चुकलं तर कोण अडतं. आडतीत ती काटापट्टीवरून हिशेबपट्टी करते. वजन, सौद्याचा भाव, हमाली-तोलाईची वजावट आणि हातात येणारी रक्कम, हे सगळं त्यात येतं. कलबुर्गी जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला ती पट्टी ती कन्नडमध्ये वाचून दाखवते. पट्टी चुकली तर शेतकरी अडतो. बचत गटात ती कर्जाचे हप्ते आणि व्याज रजिस्टरला चढवून बँकेच्या पासबुकाशी जुळवते. तिथे चुकलं तर सभासद बायका अडतात. सेवा केंद्रात सातबारा, आधार आणि खातं यांवरचं नाव जुळलं नाही की अर्ज कुठे अडकतो, हे तिला ठाऊक झालं आहे.

तिन्ही ठिकाणचं काम मुळात एकच निघालं: शेतकरी कुटुंबाचा पैसा बरोबर कागदावर आणणं आणि तो कागद त्यांना समजावणं. उत्पादक कंपनीलाही सभासदाकडून माल घेऊन त्याच्या खात्यात रक्कम जाईपर्यंतची नोंदच ठेवावी लागते. म्हणून नव्या बायोडाटाचा आरंभ असा झाला:

‘शेतमाल खरेदी आणि सभासद-हिशेब, दुधनी परिसर, २०२१ पासून आजपर्यंत. आडत दुकान (हंगामी), दोन महिला बचत गट (दरमहा) आणि सेवा केंद्र (संध्याकाळी) येथे अर्धवेळ. मराठी व कन्नडमध्ये व्यवहार.’

त्याखाली प्रत्येक कामाची एकेक ओळ आली आणि वर्ष एकदाच लिहिल्याने तारखांची गर्दी गेली. शिकवण्याचं काम दुसऱ्या शीर्षकाखाली गेलं, कारण ते त्याच विषयाचं असलं तरी व्यवहाराचं नव्हतं. विमा एजन्सी कशातच बसेना. ती ओढून बसवली असती तर बाकीच्या ओळींवरचा विश्वासही कमी झाला असता, म्हणून ती शेवटी ‘इतर’मध्ये एका ओळीत राहिली.

इथे हात सैल सुटण्याचा धोका असतो. ‘हिशेबपट्टी लिहिते’ याचं ‘वित्त व्यवस्थापक’ करायचा मोह होतो, ‘हंगामी’ हा शब्द गाळावासा वाटतो. मुलाखत घेणाऱ्याने आडत्याला एक फोन केला की ते उघडं पडतं. म्हणून प्रत्येक ओळीला एक कसोटी लावली: ज्याच्याकडे काम केलं तो हे वाक्य जसंच्या तसं मान्य करेल का? पगारपत्रकं नव्हती. त्याऐवजी आडत्याचं पत्र, गटाच्या अध्यक्षांचं पत्र आणि महाविद्यालयाचा तासिकांचा आदेश जोडला.

मुलाखतीत ‘पूर्णवेळ का नाही केलं?’ हा प्रश्न येणारच. त्याला वर्षाचं वेळापत्रकच सांगावं: तूर आली की आडत, महाविद्यालय सुरू असताना सकाळी तासिका, महिनाअखेरीस गटांचं रजिस्टर. ऐकणाऱ्याला कळतं की ही धरसोड नाही, कामाची आखणी आहे.

ही मांडणी सगळीकडे चालत नाही. सरकारी भरतीच्या अर्जात प्रत्येक ठिकाण, पद आणि कालावधी वेगळ्या रकान्यात भरावा लागतो. तिथे एकत्र केलेली ओळ लिहू नये. लोकसेवा आयोगाच्या जाहिरातींत अंशकालीन सेवा सामान्यतः अनुभवात धरली जात नाही, तेव्हा पात्रतेची अट आधी वाचावी. कामं खरोखरच एकमेकांशी संबंध नसलेली असतील, तर जागेला लागू पडणारं एक काम वर सविस्तर लिहावं आणि बाकीची थोडक्यात सांगावीत.

तुमच्याकडे अशी यादी असेल तर बायोडाटाचा तयार नमुना शोधू नका. आधी प्रत्येक कामापुढे लिहा, माझ्या हातून काय तयार झालं आणि ते चुकलं तर कोण अडलं असतं. दोन-तीन उत्तरं एकाच दिशेची निघाली, तर तेच तुमचं पहिलं वाक्य.