ऑनलाईन दुकानाचे परतावा धोरण कसे लिहावे?

“विकलेला माल परत घेतला जाणार नाही” ही ओळ आपल्याकडील पावतीपुस्तकांवर वर्षानुवर्षे छापली जात आली आहे. समोरासमोरच्या व्यवहारात ग्राहक वस्तू हाताळून, पारखून घेतो. ऑनलाईन दुकानात मात्र तो केवळ छायाचित्र आणि वर्णन यांवर विसंबून पैसे देतो. त्यामुळे लहान विक्रेत्याने आपल्या संकेतस्थळावर हीच ओळ उतरवून घेतली, तर ती ग्राहकाला दूर लोटते आणि कायद्यापुढेही टिकत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये सदोष माल परत घेण्यास आणि त्याची किंमत परत करण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यासाठी पावतीवर नमूद केलेली मुदत लागू होते. तशी मुदत नमूद नसेल तर ती तीस दिवसांची धरली जाते. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० यांनी याच्याही पुढे जाऊन परतावा, बदली व पैसे परत देणे यांविषयीची माहिती ग्राहकाला स्पष्टपणे उपलब्ध करून देण्याचे बंधन घातले आहे. नियमितपणे व्यवसाय करणाऱ्या लहान विक्रेत्यालाही यातून सूट नाही.

दोन प्रकारचे परतावे

परतावा धोरणातील बहुतेक घोटाळा एकाच कारणाने होतो. दोन अगदी भिन्न गोष्टी त्यात एकाच वाक्यात कोंबलेल्या असतात. पहिली गोष्ट म्हणजे दुकानाची चूक: माल सदोष निघणे, बनावट असणे, वर्णनाप्रमाणे नसणे किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचणे. अशा वेळी माल परत घेणे हे विक्रेत्याचे कायदेशीर कर्तव्य होय. उशिराच्या बाबतीत नैसर्गिक आपत्तीसारखे आवाक्याबाहेरचे कारण असेल तेवढाच अपवाद आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ग्राहकाचा बदललेला विचार: माप चुकले, रंग मनास आला नाही, भेट म्हणून घेतलेली वस्तू नको झाली. येथे माल परत घेणे ही दुकानाने आपण होऊन दिलेली सवलत आहे आणि तिच्या अटी दुकानाने ठरवावयाच्या आहेत. म्हणून हे दोन भाग वेगवेगळ्या मथळ्यांखाली लिहिणे ही स्पष्ट धोरणाची पहिली पायरी होय.

एक उदाहरण

कोल्हापुरी चपला विकणारे एक लहान ऑनलाईन दुकान कल्पनेने डोळ्यांसमोर आणू. जोडाची किंमत १,२०० रुपये आणि पाठवणावळ ९० रुपये, म्हणजे ग्राहकाने एकूण १,२९० रुपये भरले. या दुकानाच्या धोरणात “माल सात दिवसांत परत करता येईल, वापरलेला माल घेतला जाणार नाही” एवढेच लिहिले आहे. वाक्य सोपे दिसते. परंतु ते प्रत्येक शब्दावर अडते. सात दिवस कोणत्या दिवसापासून मोजावयाचे? त्या मुदतीत केवळ कळवावयाचे, की चपला दुकानात पोहोचावयास हव्यात? आणि पाय घालून पाहिला तर ती चप्पल ‘वापरलेली’ ठरते काय?

हाच मजकूर पुढीलप्रमाणे लिहिता येईल:

“माप न जुळल्यास किंवा जोड न आवडल्यास: जोड हाती आला तो दिवस सोडून पुढील सात दिवसांत आम्हांला कळवावे. कळविल्यानंतर पाच दिवसांत जोड कुरिअरकडे द्यावा. चप्पल घरात स्वच्छ सतरंजीवर घालून पाहण्यास हरकत नाही. मात्र तळाला माती किंवा घासल्याच्या खुणा नसाव्यात आणि चामडे भिजलेले नसावे. परत पाठविण्याचा खर्च ग्राहकाने करावा. जोडाची किंमत परत मिळेल. पहिली पाठवणावळ परत मिळणार नाही.

जोड सदोष असल्यास किंवा मागविल्यापेक्षा वेगळा आल्यास: दोषाचे छायाचित्र पाठवून कळवावे. जोड आम्ही आमच्या खर्चाने परत नेऊ आणि ग्राहकाच्या इच्छेनुसार दुसरा जोड देऊ किंवा पाठवणावळीसह संपूर्ण रक्कम परत करू.”

आता हिशेब पाहा. एका ग्राहकाने आठ क्रमांकाचा जोड मागविला आणि त्याला तो लहान झाला. जोड ३ तारखेला मिळाला, तर कळविण्याचा शेवटचा दिवस १० तारीख. परतीचे कुरिअर त्याने स्वतः केले, तर त्याला १,२०० रुपये मिळतील. दुसऱ्या ग्राहकाच्या जोडाच्या पट्ट्याचे टाके पहिल्याच दिवशी उसवले. त्याला १,२९० रुपये मिळतील आणि परतीचा खर्च दुकान सोशील. दोघांनाही आपल्याला नेमके किती मिळणार हे विचारण्यासाठी दूरध्वनी करावा लागणार नाही.

पैसे केव्हा आणि कोठे

तंट्याचे दुसरे मोठे कारण पैशांची वाट पाहण्यात असते. “लवकरात लवकर” हे शब्द धोरणात वापरू नयेत. आपल्या हाती असलेल्या कामाचीच मुदत लिहावी: “जोड आमच्याकडे पोहोचल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तपासणी करून रक्कम रवाना करू.” कार्डाने भरलेली रक्कम बँकेकडून खात्यात जमा होण्यास त्यानंतर आणखी काही दिवस लागू शकतात, हेही तेथेच सांगावे. रक्कम ज्या मार्गाने आली त्याच मार्गाने परत जावी. माल मिळाल्यावर रोख पैसे देणाऱ्या ग्राहकाकडून बँक खाते किंवा यूपीआयचा पत्ता मागावा आणि “आम्ही ओटीपी किंवा पिन कधीही विचारत नाही” असे ठळकपणे लिहावे. कारण परताव्याच्या नावाखाली फसवणूक करणारे याच क्षणी गाठतात.

अपवाद

अपवाद मोजके असावेत आणि त्यांचे कारण द्यावे. पायाचे माप घेऊन खास बनविलेला जोड दुसऱ्या कोणाला विकता येत नाही, म्हणून केवळ विचार बदलला या कारणास्तव तो परत घेणार नाही, असे लिहिणे रास्त आहे. परंतु तोच जोड सदोष निघाला तर हा अपवाद लागू होत नाही, हे पुढच्याच वाक्यात सांगावे. पुडके उघडतानाची चित्रफीत नसल्यास कोणतीही तक्रार ऐकणार नाही, ही हल्ली रूढ झालेली अटही विचार करण्याजोगी आहे. पुरावा मागणे योग्य. पण सदोष माल परत घेण्याच्या कर्तव्याला नियमांत अशी अट जोडलेली नाही.

शेवटी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पदनाम आणि संपर्क द्यावा. लहान दुकानात हे काम मालक स्वतःच पाहू शकतो. नियमानुसार तक्रारीची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि तिचे निवारण एक महिन्यात करावे लागते. तेथे समाधान न झाल्यास ग्राहक १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर दाद मागू शकतो.

मजकूर तयार झाल्यावर तो दुकानाशी संबंध नसलेल्या एखाद्या व्यक्तीला वाचावयास द्यावा आणि वरील दोन ग्राहकांचा हिशेब तिला करावयास सांगावा. तिचे उत्तर आपल्या उत्तराशी जुळले नाही, तर ज्या वाक्यापाशी ती थांबली ते वाक्य पुन्हा लिहावे. धोरण पूर्ण झाल्यावर त्याचा दुवा पैसे भरण्याच्या पानावर द्यावा. कारण खरेदीनंतर कळलेली अट ग्राहकाला फसवणुकीसारखीच वाटते.