‘कावळ्या’चा ‘काऊ’ का होतो?

बोलताना आपण शब्दाशब्दाला थांबत नाही. ‘खिडकीतल्या कावळ्याला घास दे’ हे वाक्य कानाला सलग ऐकू येतं. त्यात एक शब्द कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे भाषा येणाऱ्यालाच कळतं. सात-आठ महिन्यांच्या बाळाला मात्र त्या सलग आवाजातून शब्द सुटे करावे लागतात. मोठ्यांचं लाडिक बोलणं नेमकं इथे कामी येतं.

हीच गोष्ट आजी बाळाला कशी सांगते पाहा. “कोण आलं? काऊ आला! तो बघ काऊ! काऊला घास देऊ?” एका वाक्याची चार झाली. आवाज चढला, स्वर लांबले, दोन वाक्यांमध्ये उसंत मिळाली. एरवी मराठीत क्रियापद शेवटी येतं. इथे ‘तो बघ काऊ’ म्हणताना नाव शेवटी गेलं. शेवटच्या शब्दाला पुढचा शब्द चिकटत नाही, म्हणून तो बाळाच्या कानात सुटा पडतो.

‘काऊ’चीही एक सोय आहे. ‘कावळा’ला प्रत्यय लागला की ‘कावळ्याला’ होतं, ‘कुत्रा’चं ‘कुत्र्याला’. ‘काऊला’, ‘भूभूला’, ‘माऊला’ म्हणताना मूळ शब्द जसाच्या तसा राहतो, त्यामुळे बाळाला तो पुन्हा ओळखता येतो. अशा मराठी शब्दांचा आणि बोलण्याचा अभ्यास भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली प्रसिद्ध केला होता.

हा सूर खरंच मदत करतो का, हे अमेरिकेत एरिक थीसन, एमिली हिल आणि जेनी सॅफ्रन यांनी तपासलं. त्यांचा प्रयोग 2005 साली प्रसिद्ध झाला. बाळांना बनावट शब्दांची वाक्यं ऐकवली. काहींना लाडिक सुरात, काहींना मोठ्यांशी बोलतो तशी. शब्द तेच होते. पण शब्द वेगळे काढल्याची खूण फक्त लाडिक सूर ऐकलेल्या बाळांमध्ये दिसली. आवाजाच्या चढउतारामुळे त्यांचं लक्ष टिकलं असावं, असा अंदाज आहे.

म्हणून हा सूर सगळीकडे असतोच असं नाही. पापुआ न्यू गिनीतले कालुली लोक तान्ह्यांशी असं बोलत नाहीत, तरी त्यांची मुलं भाषा शिकतात. म्हणजे हा सूर भाषेची अट नाही, वाट सोपी करणारी मदत आहे.

मुद्दाम बोबडं बोलणं मात्र वेगळं. ‘काऊ आला’चं ‘ताऊ आया’ केलं, तर बाळाने ज्या आवाजांतून शब्द ओळखायचे तेच पुसट होतात. सूर लाडिक असू द्या, उच्चार मात्र स्पष्ट ठेवा. आणि “काऊ कुठे गेला?” विचारल्यावर क्षणभर थांबा; बाळाचा ‘ऊ’ आला की “हो, काऊ उडाला!” म्हणा. त्याच्या आवाजाला तुमचा शब्द लगेच जोडला जातो.