मागे पडणारं घड्याळ आणि टोकियोला गेलेलं पत्र

जपानहून थेट मागवलेल्या घड्याळाच्या पेटीत एक जाड कागदाचं कार्ड असतं. पुढच्या बाजूला मॉडेल, क्रमांक, खरेदीची तारीख आणि दुकानाचा लाल शिक्का. मागे बारीक जपानी अक्षरांत अटी. बहुतेकजण ते पेटीतच ठेवून देतात. पुण्यातल्या माझ्या परिचयाच्या एका निवृत्त प्राध्यापकांनी मात्र पार्सल उघडल्याबरोबर कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवले होते. दीड महिन्यानंतर त्यांचं नवं ऑटोमॅटिक घड्याळ रोज जवळपास चार मिनिटं मागे पडू लागलं, तेव्हा तक्रारीचा सगळा डोलारा याच फोटोंवर उभा राहिला.

पहिलं पत्र त्यांनी फोटो न वाचताच पाठवलं. दोन पानं संताप, माल नकली असल्याचा संशय आणि ग्राहक न्यायालयाची धमकी. टोकियोच्या दुकानातून नम्र उत्तर आलं, पण दोनच ओळींचं: उत्पादकाची वॉरंटी फक्त जपानमध्ये लागू आहे, क्षमस्व.

दुकानदार खोटं बोलत नव्हता. जपानी कार्डांवर तळाशी ही अट जवळजवळ नेहमी असते, आणि बऱ्याचदा तेवढी एकच ओळ इंग्रजीत छापलेली असते. परदेशी माणसाला दुसरं काही कळलं नाही तरी एवढं कळावं, अशी सोय.

मग त्यांनी फोटो जपानी शिकवणाऱ्या एका शेजारीणबाईंना दाखवले. पुण्यात अशी माणसं शोधावी लागत नाहीत. बाईंनी आधी तारीख वाचली. कार्डावर हाताने ‘७.४.१२’ लिहिलं होतं. प्राध्यापकांना ती ७ एप्रिल २०१२ वाटली होती. नकली मालाचा संशय आला तो तिथूनच. पण जपानमध्ये वर्ष आधी, मग महिना, मग दिवस. आणि वर्ष बहुधा सम्राटाच्या कालगणनेचं. रेइवा पर्व २०१९ च्या मे महिन्यात सुरू झालं, म्हणून सातवं वर्ष म्हणजे २०२५. खरेदी १२ एप्रिल २०२५ ची, वॉरंटी एक वर्षाची. शंका तिथेच मिटली.

मग अपवाद वाचले. हे अपवाद बहुतेक कार्डांवर सारखेच असतात: चुकीचा वापर, घड्याळ पडणं, बाहेरच्या कारागिराने उघडणं, कार्ड हजर न करणं, तारीख किंवा दुकानाचं नाव कोरं असणं, लिहिलेल्या मजकुरात खाडाखोड असणं. कोरी जागा दिसली की आपण ती भरून टाकतो. इथे ते घातक ठरू शकतं. हरवलेलं कार्ड पुन्हा मिळत नाही, हेही त्यात लिहिलेलं असतं.

सगळ्यात शेवटी, ज्याकडे कुणाचं लक्ष जात नाही असं एक वाक्य होतं: या कार्डामुळे ग्राहकाच्या कायदेशीर हक्कांवर मर्यादा येत नाही. प्राध्यापकांचं दुसरं पत्र या वाक्यातून निघालं. वॉरंटी हे उत्पादकाने आपणहून दिलेलं वचन. ते जपानपुरतं ठेवायला तो मोकळा आहे. पण पैसे घेतले दुकानाने. करारात ठरला तसा माल देण्याची जबाबदारी दुकानाची. जपानच्या नागरी संहितेत १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या सुधारणेनुसार, माल कराराप्रमाणे नसेल तर खरेदीदार विक्रेत्याकडे दुरुस्ती, बदली किंवा किंमतकपात मागू शकतो. मात्र दोष कळल्यापासून एका वर्षाच्या आत तो विक्रेत्याला कळवावा लागतो. दुकानाच्या विक्री-अटींत जपानी कायदा लागू राहील असं लिहिलेलं होतं. पहिल्या पत्रात प्राध्यापकांना अडचणीची वाटलेली ती अट आता त्यांच्याच कामी आली.

पण हक्क सांगण्याआधी दोष दाखवावा लागतो. चावीचं घड्याळ कधीच अचूक चालत नाही. त्यांच्या माहितीपुस्तिकेत दिवसाला ३५ सेकंद मागे ते ४५ सेकंद पुढे, एवढी सूट दिलेली होती. घड्याळ अर्धा मिनिट मागे पडत असतं, तर तक्रारीत काही अर्थ नव्हता. शिवाय ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीने भरतं. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याच्या हातावर ते पुरेसं भरत नाही, आणि दुकानदार पहिली शंका तीच काढतो. म्हणून त्यांनी घड्याळाला हाताने पूर्ण चावी दिली, तबकडी वर करून ते टेबलावर ठेवलं, मोबाइलपासून आणि स्पीकरपासून दूर, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी फरक लिहिला. असं तीन दिवस केलं. चुंबकाचा परिणाम झालेलं घड्याळ बहुधा पुढे पळतं. हे मागे पडत होतं, त्यामुळे तोही संशय बराचसा कमी झाला.

दुसरं पत्र साध्या इंग्रजीत, छोट्या वाक्यांत लिहिलं. शब्दांवर खेळ नाही, म्हणी नाहीत. समोरच्यालाही ती परकीच भाषा. त्याचा मजकूर मराठीत असा:

‘मी १२ एप्रिल २०२५ रोजी आपल्याकडून घड्याळ घेतले. ऑर्डर क्रमांक व घड्याळाचा क्रमांक खाली दिला आहे. २ जूनपासून ते मागे पडते. पूर्ण चावी देऊन, तबकडी वर ठेवून २४ तासांनी मोजलेला फरक: ३ मिनिटे ५० सेकंद, ४ मिनिटे ५ सेकंद, ३ मिनिटे ५५ सेकंद. पुस्तिकेतील मर्यादा ३५ सेकंद आहे. घड्याळ पडलेले नाही, पाण्यात गेलेले नाही, कुणी उघडलेले नाही. उत्पादकाची वॉरंटी जपानपुरती आहे हे मला मान्य आहे. माझी मागणी विक्रेता म्हणून आपल्याकडे आहे. कृपया दुरुस्ती करून द्यावी. ते शक्य नसल्यास बदलून द्यावे. जाण्यायेण्याचा खर्च कुणी करायचा, तेही कळवावे. १४ दिवसांत उत्तराची अपेक्षा आहे. सोबत कार्डाच्या दोन्ही बाजूंचे, घड्याळाच्या मागच्या झाकणाचे आणि पावतीचे फोटो जोडले आहेत.’

पत्रातलं सगळ्यात उपयोगी वाक्य मला वॉरंटीची अट मान्य करणारं वाटतं. दुकानाचं आधीचं उत्तर त्याने निकालात काढलं. तेच पुन्हा पाठवायला जागा उरली नाही. अपवादही एकेक करून आधीच खोडले गेले. धमकी काढून टाकली, तेही बरं झालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते हे खरं, पण भारतात ना कार्यालय ना मालमत्ता असलेल्या दुकानाकडून त्या आदेशाची वसुली कशी होणार? त्यापेक्षा पैसे कार्डाने दिले असतील तर बँकेमार्फत ते परत मागण्याचा रस्ता जवळचा. त्याची मुदत बहुधा १२० दिवसांच्या आसपास असते आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही. प्राध्यापकांनी बँकेकडून ती तारीख विचारून वहीत लिहून ठेवली होती.

पाचव्या दिवशी उत्तर आलं. घड्याळ पाठवा, दुरुस्ती आम्ही करून घेतो, परतीचं टपाल आमचं. पाठवण्याचा खर्च तुमचा. घासाघीस करता आली असती, पण त्यांनी केली नाही.

पार्सलमध्ये मूळ कार्ड घालावंच लागतं, म्हणजे घड्याळ परत येईपर्यंत आपल्या हातात फक्त फोटो उरतो. चकचकीत कार्डावर फ्लॅश पडला की शिक्का पांढरा होऊन जातो. म्हणून खिडकीजवळच्या उजेडात, चारही कोपरे दिसतील असा पुन्हा एकदा फोटो काढला. कस्टमच्या फॉर्मवर ‘विक्री’ऐवजी ‘दुरुस्तीसाठी परत’ असं लिहिलं, घड्याळाचा क्रमांक टाकला आणि पहिल्यांदा भरलेल्या आयात शुल्काची पावती जपून ठेवली. परतीच्या पार्सलवरही तसंच लिहावं, असं दुकानाला कळवलं. नाहीतर दुरुस्त होऊन आलेल्या घड्याळावर नवा माल समजून पुन्हा शुल्क लागू शकतं.